दोन मामा

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका कार्यालयात झाले आणि माझ्या आयरिश बायकोने त्याचे सविस्तर वर्णन आपल्या आईसाठी इंग्रजीत लिहून काढले. ‘वधूला अंकलने बोहल्यावर आणले,’ हे तिचे वाक्य खोटे नव्हते, पण त्यात मामा कुठेच दिसत नव्हता. गुरुजींनी “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे” असा पुकारा केला, तेव्हा पहिल्या रांगेत दोन सख्खे काका, मावशीचे यजमान आणि आत्याचे यजमान असे चार ‘अंकल’ बसले होते आणि त्यांतले कोणीही जागचे हलले नाही.

“पण आत्याच्या यजमानांनाही तुम्ही मामाच म्हणता, मग ते का उठले नाहीत?” तिने विचारले. आईचा भाऊ तो मामा, असे तिला मीच शिकवले होते. वडिलांच्या बहिणीचा नवरा मामा कसा, याचा विचार मी कधी केलाच नव्हता.

तिच्याच वहीच्या मागच्या पानावर मी घराणी मांडून पाहिली. आपल्याकडे अनेक समाजांत मुलाने मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. अशा लग्नात मुलीची आत्याच तिची सासू होते, आणि सुना सासूला आत्याबाई म्हणत आल्या त्यामागे बहुधा हेच असावे. आता त्यात साटेलोटे धरावे, म्हणजे बाबांनी आईशी लग्न केले आणि बाबांची बहीण आईच्या भावाला दिली, तर आत्याचा नवरा आणि आईचा भाऊ हा एकच माणूस ठरतो. तो मामा असतोच आणि त्याच्या घरी भाची सून म्हणून गेली तर सासराही होतो, म्हणून मामंजी. आमच्या घरात साटेलोटे झालेले कोणालाच आठवत नाही. हाक मात्र राहिली. अर्थात सगळीकडे ती नाही, कित्येक घरांत आत्याचे यजमान काकाच असतात आणि मावशीचे तर बहुतेक ठिकाणी काकाच.

तिला खरी गंमत वाटली ती भावंडांची. चुलतभावाचा मी चुलतभाऊ आणि मावसभावाचा मावसभाऊच. पण माझ्या मामेभावाच्या दृष्टीने मी आतेभाऊ असतो, कारण त्याच्या वडिलांची बहीण म्हणजे माझी आई. ‘कझिन’ या शब्दात ही उलटापालट मावतच नाही, असे ती म्हणाली आणि तिने तो तीन ठिकाणी खोडला.

‘अंकल’ही गेला, पण मग एकाच परिच्छेदात दोन मामा आले. त्यांना वेगळे कसे करायचे, असे तिने आईला विचारले, तर आईने पोळी लाटता लाटताच सांगितले, “एक सिन्नरचे मामा आणि एक पंचवटीचे मामा, त्यात काय एवढे!”