मिनिटाला शंभर

'जरा भरभर चाला' असं डॉक्टर सांगतात, पण भरभर म्हणजे नेमकं किती? कासवालासुद्धा गोगलगाय रेंगाळतेय असंच वाटत असणार. चालण्यापुरता एक आकडा हाताशी आहे: मिनिटाला शंभर पावलं. प्रौढ माणूस सपाटीवर या लयीत चालला की शरीर स्वस्थ बसलेलं असताना लागते त्याच्या साधारण तिप्पट ऊर्जा खर्च होते, आणि मध्यम व्यायामाची सुरुवात तिथूनच धरतात. एकशेतीसच्या आसपास तोच व्यायाम जोराचा होतो.

मोजायला घड्याळ आणि उजवा पाय पुरे. नेहमीची चाल लागली की तीस सेकंदांत उजवा पाय किती वेळा टेकला ते मोजायचं आणि चारनं गुणायचं. पंचवीस आले तर शंभर. मोजायला लागलं की माणूस उगाच झपझप चालतो, म्हणून पहिलं मोजणं सोडून द्यावं.

मनगटावरच्या घड्याळाची सरासरी मात्र फसवते. समजा, पंचेचाळीस मिनिटांत ३६०० पावलं झाली. भागाकार ऐंशी येतो आणि चेहरा पडतो. पण त्यातली दहा मिनिटं रस्ता ओलांडायला थांबण्यात आणि ओळखीच्या माणसाशी उभ्याउभ्या बोलण्यात गेली असतील, तर उरलेल्या पस्तीस मिनिटांत चाल एकशेतीनची होती. हात खिशात असेल किंवा बाबागाडी ढकलत असाल, तर घड्याळ पावलं गाळतं ते वेगळंच.

वेग वाढवायचा म्हटलं की बहुतेक जण लांब ढांगा टाकतात. इथेच गडबड होते. टाच शरीराच्या फार पुढे पडते, दर पावलाला जणू ब्रेक लागतो, नडगी भरून येते आणि पावलांची संख्या आहे तिथेच राहते. त्यापेक्षा पाऊल आखूड ठेवून हात कोपरात दुमडावेत. दुमडलेला हात आखूड लंबकासारखा लवकर झुलतो, आणि पाय त्याच्या तालावर येतात.

शंभर हा आकडा सगळ्यांना सारखा बसत नाही. उंच माणसाला त्याच मेहनतीसाठी थोडी कमी पावलं पुरतात, ठेंगण्याला जास्त लागतात. चढावर तर हिशेबच बदलतो: लय नव्वदवर येते आणि धाप वाढते. अशा वेळी बोलून पाहावं. सलग वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर चाल मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, तर ती जोराची. हृदयाचे ठोके मंदावणारी गोळी चालू असेल, तर नाडीच्या आकड्यापेक्षा हीच परीक्षा जास्त भरवशाची. आणि गाणं अख्खं, कडव्यासकट, आरामात म्हणता आलं, तर ती शतपावली.