तिसातले गेलेले तीन गुण

माझ्याकडे स्मृतीच्या तपासणीसाठी आलेल्या एका काकांच्या रेफरल चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'एमएमएसई 27/30, नॉर्मल. डिप्रेशनमुळे विसरभोळेपणा?' वय 71, निवृत्त कारकून, पत्नी जाऊन दीड वर्ष झालेलं. एमएमएसई म्हणजे स्मृती, लक्ष, भाषा यांची 30 गुणांची छोटी चाचणी. तिची नुसती बेरीज बघून नॉर्मल म्हणायची ही सवय मला खटकते. मी मूळ कागद मागवला. गेलेले तिन्ही गुण एकाच ठिकाणचे होते, थोड्या वेळाने तीन शब्द आठवायचे तिथले.

उदासी खरीच होती. वृद्धांसाठीच्या 15 प्रश्नांच्या नैराश्य प्रश्नावलीत 11 गुण आले. त्यातला एक प्रश्न स्मरणशक्तीबद्दलच आहे. तो वगळला तरी 10 उरतात.

मग शब्दयादी घेतली. 15 शब्द, पाच वेळा वाचून दाखवायचे आणि दर वेळी आठवतील तेवढे म्हणायला लावायचे. काकांचे आले 4, 5, 6, 7, 7. एवढ्यावरून काहीच ठरत नाही. उदास माणूसही असाच हळू शिकतो, 'नाही आठवत' म्हणून लवकर सोडून देतो. फरक कळतो अर्ध्या तासानंतर. नैराश्यात जे शिकलं गेलं ते बरंचसं टिकतं, आणि आठवलं नाही तरी शब्द समोर ठेवला की ओळखता येतो. काकांना सातपैकी एकच आठवला. ओळखायला दिले तेव्हा यादीतल्या नऊ शब्दांना 'हो' म्हणाले, पण यादीत नसलेल्या सात शब्दांनाही 'हो' म्हणाले, तेही न अडखळता. म्हणजे शब्द आत असून सापडत नव्हते असं नाही, ते साठलेच नव्हते.

मुलगा प्रत्येक प्रश्नाला वडिलांच्या आधी उत्तर देत होता, म्हणून दोघांशी वेगवेगळं बोलले. पेन्शन, बँक, बसप्रवास, औषधं सगळं काका स्वतः सांभाळतात. त्यामुळे हा डिमेन्शिया नाही. चित्र एमसीआयचं, म्हणजे वयाच्या मानाने जास्त पण रोजचे व्यवहार न अडवणाऱ्या सौम्य बौद्धिक घटीचं, त्यातही स्मृतीच्या प्रकाराचं.

तरी अहवालातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा बदललं, कारण औषधांच्या पिशवीत झोपेसाठी रात्रीची अ‍ॅमिट्रिप्टिलीन निघाली. या गोळीचा अ‍ॅसिटिलकोलीन या मेंदूतल्या, स्मृतीसाठी लागणाऱ्या रसायनाला रोखणारा परिणाम असतो आणि म्हाताऱ्या माणसात नवं लक्षात ठेवणं त्यानेही बिघडतं. चिठ्ठीत तिचा उल्लेखच नव्हता! शेवटी लिहिलं: 'नैराश्य आहे, पण स्मृतीतली घट केवळ त्याने स्पष्ट होत नाही. स्मृतिप्रधान एमसीआय संभाव्य. औषधाचा वाटा वगळता आलेला नाही.' पुढे शिफारशी: गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्यावी, बी12 आणि थायरॉइड तपासावं, नैराश्यावर उपचार सुरू करावेत, सहा महिन्यांनी वेगळ्या शब्दयादीने पुन्हा चाचणी.

'मग बाबांना नक्की काय झालंय?' मुलाने विचारलं. दोन्ही असू शकतं, असं सांगितलं. उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य कधी कधी मेंदूच्या आजाराचीच सुरुवात असते, त्यामुळे एक निदान मिळालं म्हणून दुसरं खोडता येत नाही. पुढच्या वेळी मन हलकं होऊन सातचे दहा झाले, तरी मी आधी तेच बघणार आहे: अर्ध्या तासानंतर किती उरले आणि चुकीचे 'हो' किती आले.