तुम्ही विचारलंत म्हणून: अंडं जातं कुठे?

"ताई, गर्भनिरोधक गोळी खाल्ल्यावर अंडं बाहेर येत नाही म्हणता, मग ते आतच साठून राहतं ना? पुढे त्याचं काय होतं?"

साठत नाही. लसीकरणाच्या दिवशी, रस्त्यात, फोनवर, सगळीकडे मी हेच सांगत आले आहे. समोरची मान हलवते आणि घरी जाऊन सासूचंच खरं मानते. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

अंडं साठायचं तर आधी ते पिकायला हवं. अंडाशयात दर महिन्याला अंडं धरणाऱ्या बऱ्याच बारीक पुटिका वाढायला लागतात. मेंदूखालची पियुषिका ग्रंथी एफएसएच नावाचं संप्रेरक सोडते. त्याच्या जोरावर बहुधा एकच पुटिका पूर्ण वाढते, बाकीच्या जिरून जातात. मग एलएच हे दुसरं संप्रेरक एकदम वाढतं, पुटिका फुटते आणि अंडं बाहेर पडतं. माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटातल्या पांढऱ्या गोळीत ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑल आणि ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं. पहिलं मुख्यतः एफएसएच दाबून ठेवतं, दुसरं एलएचला उसळू देत नाही. त्यामुळे त्या महिन्यात एकही पुटिका पिकत नाही. एरवी बाकीच्या जशा जिरतात, तशी जी पिकायची होती तीही जिरते.

दुसरं काम गर्भपिशवीच्या तोंडाशी चालतं. एरवी अंडं सुटायच्या सुमारास तिथला स्राव कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखा होतो, दोन बोटांत धरला तर तार निघते. त्यातून शुक्राणू सहज वर जातात. लेव्होनॉरजेस्ट्रेलमुळे तो स्राव थोडा आणि घट्ट राहतो, तार निघत नाही, शुक्राणू खालीच अडकतात. "पांढरं जाणं कमी झालं, काही बिघडलं का?" असं विचारणाऱ्यांनाही हेच उत्तर.

हे सगळं सांगायची गरज काय, असं मला आमच्यातलेच विचारतात. त्यांना मी एका बाईची गोष्ट सांगते. ती गोळी कधी न चुकवणारी होती. एका रविवारी तिची शेवटची पांढरी गोळी संपली. सोमवारपासून सात तपकिरी गोळ्या. त्यांत फक्त लोह असतं, संप्रेरक नाही. शुक्रवारी रक्तस्राव सुरू झाला. पुढच्या सोमवारी नवं पाकीट फोडायचं होतं, पण अजून जात होतं. पाळी थांबल्याशिवाय औषध घ्यायचं नाही, असं घरी सांगितलं गेलं. तिने गुरुवारी सुरुवात केली. त्याच आठवड्यात नवरा गावी आला होता. पुढच्या तपकिरी गोळ्यांत रक्तस्राव झाला नाही, तेव्हा ती माझ्याकडे आली. लघवीच्या तपासणीत दोन रेषा उमटल्या.

"मी एकही गोळी चुकवली नाही," ती म्हणत राहिली. आणि ते खरंच होतं. गोळ्या मोजल्या तर एकही कमी नव्हती. पण संप्रेरकाविना सात दिवस जायचे, तिथे दहा गेले. त्या सात दिवसांतच एफएसएच वर यायला लागतं आणि पुटिका वाढू लागतात. आठव्या दिवशीची पांढरी गोळी त्यांना थोपवते. ती तीन दिवस उशिरा आली, तर एखादी इतकी पुढे गेलेली असते की थोपत नाही. स्रावही तोवर पातळ झालेला असतो. घरातले तिलाच बोलत होते. मी तिथे बसून पाकीट उलटंपालटं करून दाखवत होते, कोणी बघत नव्हतं.

म्हणून पहिल्यांदा घेणारीला मी हे आवर्जून सांगते. पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत पहिली गोळी घ्या. त्यानंतर सुरू केलीत तर पहिले सात दिवस निरोधही वापरा, कारण अंडाशय शांत व्हायला सलग सात पांढऱ्या गोळ्या लागतात. तपकिरी गोळ्यांतलं रक्त हे संप्रेरक थांबल्यामुळे येतं, ते चालू असलं तरी नवं पाकीट ठरल्या दिवशी फोडा. एक पांढरी राहिली तर आठवताच घ्या, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालेल. सलग दोन किंवा जास्त राहिल्या तर आठवताच एक घ्या, रोजची चालू ठेवा आणि सात दिवस निरोध वापरा. त्या पाकिटाच्या सुरुवातीच्या असतील आणि संबंध आलेला असेल, तर लगेच भेटा. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असेल तर या गोळीवर विसंबू नका. बीपी तपासल्याशिवाय मी पाकीट देत नाही, त्याचा राग धरू नका.

पूर्वी मलाही वाटायचं, "रोज एक, एका वेळेला" एवढं पुरे. माझी एक सहकारी आजही तेवढंच सांगते. तिच्या मते एफएसएच-एलएच ऐकून बायका घाबरतात आणि गोळीच सोडतात. तशा सोडलेल्या मीही पाहिल्यात, तिला खोटं पाडू शकत नाही. पण "जात असतानाही गोळी घ्यायची?" या प्रश्नाला "रोज एक" हे उत्तर त्या बाईच्या घरात टिकलं नाही, आणि दुसरं कोणतं टिकलं असतं हे मला अजून कळलेलं नाही.