चोर्ल्याची रात्र, साडेपाच हजारांची बॅटरी आणि दहा नंबरचा पाना

मी बेळगावात येलो बोर्ड चालवतो. गेल्या पावसाळ्यात पणजीचं भाडं सोडून साखळी, केरी, चोर्लामार्गे रिकामा परत येत होतो. जाताना सगळं सुखात झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. येताना कणकुंबीच्या पुढं जे झालं त्यात साडेपाच हजार गेले. तेही अशा दोषासाठी, जो पाच मिनिटांत हातानं सुटला असता.

आधी रस्ता. कणकुंबी ते जांबोटी हा तुकडा त्या वेळी रस्ता म्हणण्याच्या लायकीचा नव्हता. पाण्यानं भरलेल्या खड्ड्याची खोली रात्री दिसत नाही. दोनदा तर गाडी अशी आदळली की दातावर दात बसले. सवारी घेऊन रात्री इकडून यायचं असेल तर माझं स्पष्ट मत, येऊ नका. पहाटे निघा. हे आदळणं लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

एकच्या सुमाराला लघवीला थांबलो आणि गाडी बंद केली. ती चूक. परत चावी फिरवली तर बोनेटखालून 'टक' एवढाच आवाज, आणि डॅशबोर्ड काळोखा. दोन सेकंदांनी दिवे परत आले, चांगले लख्ख. परत चावी, परत 'टक', परत अंधार. फोनला रेंज नाही, दोन्ही बाजूला जंगल. इकडं गवे रस्त्यावर येतात, त्यामुळे बाहेर उभं राहायचीही हौस नव्हती.

मी मनाशी ठरवून टाकलं, बॅटरी मेली. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्यानं असं ठरवावं याची आता लाज वाटते. कारण गाडी मला उत्तर सांगत होती.

पाऊण तासानं एक पिकअप आली. त्यातला माणूस म्हणाला, "बॅटरी खल्लास झालीय की ओ मामा. माझ्याकडं एक हाय, बसवून देतो." वापरलेली बॅटरी, साडेपाच हजार, आणि वर माझी जुनीही त्यालाच पाहिजे होती. घासाघीस करायला अंगात ताकद नव्हती, पण जुनी मी दिली नाही, हट्टानं डिकीत टाकली. त्यानं बॅटरी बदलली, गाडी एका झटक्यात चालू झाली. मी त्याचे आभार मानले, बघा!

सकाळी घराच्या दारात परत तेच. 'टक' आणि अंधार.

आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं बोनेट उघडून आधी काहीच केलं नाही. म्हणाला, "चावी मार, आणि आतला लाइट बघ." मग मला तीन गोष्टी सांगितल्या. रात्री एवढं माहीत असतं तर पैसे वाचले असते.

चावी मारताना आतला लाइट हळूहळू मंद होत गेला आणि स्टार्टर कण्हत, सावकाश फिरला किंवा टकटकटक अशी झड लागली, तर बॅटरी उतरलेली. लाइट जसाच्या तसा लख्ख राहिला आणि गाडी हललीच नाही, तर बॅटरीचा दोष नाही. स्टार्टर, त्याचा सोलेनॉइड किंवा चावीचा स्विच बघा. आणि लाइट एकदम गायब झाला, चावी सोडल्यावर पुन्हा चांगला लख्ख आला, तर आधी टर्मिनलवर संशय घ्या.

कारण सरळ आहे. आतल्या लाइटला एक अँपिअरसुद्धा लागत नाही. डिझेल गाडीच्या स्टार्टरला दीडशे-दोनशे अँपिअर, कधी त्याहून जास्त लागतात. बॅटरीचा शिशाचा खुंट आणि त्यावरचा क्लॅम्प यांच्यात पांढरी-हिरवी बुकटी साठली किंवा क्लॅम्प सैल झाला, की त्या बारीक वाटेनं लाइटपुरता करंट जातो. स्टार्टरनं ओढलं की वाट तुंबते आणि सगळी गाडी आंधळी होते.

मग त्यानं मीटर लावला. मीटरच्या काड्या दोन्ही खुंटांवर टेकवून चावी मारली तर १२.१ व्होल्ट. तेच क्लॅम्पवर टेकवून मारली तर जेमतेम ५. मधले सात व्होल्ट गेले कुठं? एक काडी काळ्या खुंटावर आणि दुसरी त्याच्याच क्लॅम्पवर ठेवली, तर सगळे तिथंच सापडले. चांगल्या जोडावर हा फरक अर्ध्या व्होल्टच्याही आत पाहिजे. मीटर नसेल तर चार-पाच वेळा चावी मारून क्लॅम्पला हळूच बोट लावून बघा. जो गरम झाला असेल तो दोषी.

डिकीतली माझी जुनी बॅटरी त्यानं तपासली. नुसती ठेवून १२.५ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ भरलेली. १२ च्या खाली दाखवली असती तर उतरली म्हणता आलं असतं. रात्री गाडी चालू झाली ती नव्या बॅटरीमुळं नाही. बदलताना क्लॅम्प खुंटावर घासला गेला म्हणून. पुढच्या खड्ड्यांनी तो परत ढिला केला.

मग रात्री एकटं असताना काय करायचं? दहा नंबरच्या पान्यानं आधी काळा क्लॅम्प सोडवा, मग लाल. उलट केलंत आणि लालवरचा पाना बॉडीला लागला, तर ठिणगी उडते. क्लॅम्प खुंटावर दोन्ही बाजूंना जोरानं पिळून घासा, पॉलिश पेपर असेल तर उत्तम. मग पार खाली दाबून आवळा. बसवताना लाल आधी, काळा शेवटी. नट संपला तरी क्लॅम्प फिरतोय? तर तांब्याच्या वायरीचे दोन-चार धागे मधे घालून आवळा. घरापर्यंत नेईल, पुढं त्याच्यावर विसंबू नका. एवढं करूनही फरक पडला नाही, तर बॅटरी आतून तुटलेली असू शकते किंवा बॉडीची अर्थिंगची वायर गेलेली असू शकते. ते काम रस्त्यावरचं नाही.

धक्का मारून चालू करायचा मोह मलाही झाला होता, पुढं उतारच होता. टर्मिनल ढिला असताना हे करू नका. इंजिन चालू असताना बॅटरीचा जोड मधेच तुटला तर व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड उडतात, नशीब फुटकं असेल तर इसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरपण. चालू गाडीचा टर्मिनल काढून "अल्टरनेटर चेक करतो" म्हणणारा मिस्त्री भेटला तर त्याला हात लावू देऊ नका. गाडी चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावायचा, १३.८ ते १४.४ आलं की चार्जिंग ठीक.

नवा क्लॅम्प आणि मजुरी मिळून तीनशे रुपये झाले. माझी जुनी बॅटरी परत बसवली, अजून तीच चालू आहे. साडेपाच हजारवाली भंगारात नऊशेला गेली.

दहा नंबरचा पाना त्या रात्री गाडीत नव्हता, मेव्हण्यानं नेला होता. त्यानं अजून परत दिलेला नाही. मी दुसरा घेऊन सीटखाली ठेवलाय.