घाटाची गोळी

परवा दुपारी पर्स झटकली तर गोळीची जुनी पट्टी हाताला लागली. प्रोमेथाझिन, पंचवीस मिलिग्रॅम. आमच्या घरात हिला कुणी नावानं ओळखत नाही. ती ‘घाटाची गोळी’.

सहावीत असताना रत्नागिरीला निघालो होतो, लाल गाडीनं. बाबांचं शास्त्र पक्कं होतं: गोळी कोल्हापुरात दिली तर घाट येईपर्यंत शिळी होणार! म्हणून त्यांनी ती मलकापूरच्या स्टँडवर दिली, वडापावावर. आंबा घाटाच्या तिसऱ्या की चौथ्या वळणाला सगळं बाहेर. आणि त्यात ती गोळी, जवळजवळ अख्खी. ती दाखवून बाबा म्हणाले, “बघ, हिनं कामच केलं नाही.” बिचारी करणार कधी? तिला विरघळून अंगात भिनायला तास-दोन तास लागतात, आणि एकदा मळमळ सुरू झाली की पोट पुढे काही ढकलतच नाही. साखरप्यापर्यंत लिंबू हुंगत बसले.

नंतर मी उलट टोक गाठलं. दोन तास आधी, घड्याळ लावून. उलटी बंद, पण झापड अशी की घाटातलं धुकं, दरी, काही म्हणजे काही पाहिलं नाही. उतरले तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. शेवटी गल्लीच्या तोंडावरच्या औषधवाल्या काकांनी सांगितलं, “सकाळी सातची गाडी न्हवं? मग आदल्या रात्री झोपताना घे की. गुंगी झोपेत जिरती.” खरंच जिरते, बरीचशी. सकाळी डोकं जरा कापसाचं असतं, पण घाट निघतो. लांबचा प्रवास असेल तर रोज रात्री एक. वाटेत कसंतरी झालं म्हणून घाईनं दुसरी टाकली की मळमळ तिथंच राहते, झोप तेवढी दुप्पट होते.

मावसभाऊ बोटीवर असतो, तो गाडी लागू नये म्हणून कानामागे औषधाची चिकटपट्टी लावतो. चार तास आधी लावायची, तीन दिवस पुरते. एकदा ती लावून हात न धुता त्यानं डोळा चोळला. एका डोळ्याची बाहुली ही एवढी मोठी! मावशीनं दृष्ट काढली.

तर रविवारी पुन्हा रत्नागिरी, आपल्याच गाडीनं. गंमत अशी की स्टिअरिंग हातात असलं की मला गाडी लागत नाही. वळण येणार हे हाताला आधीच कळलेलं असतं ना. म्हणजे चालवायचं असेल तर गोळी नको, आणि गोळी घेतली, अगदी आदल्या रात्री का असेना, तर सकाळी चालवायचं नाही. हे मी ह्यांना नीट समजावून सांगितलं. ह्यांनी पूर्ण ऐकलं, मान डोलावली आणि किल्ली खिशात टाकली.

पट्टीवरची तारीख बघायला हवी.