रेंडरमधले ऊन आणि पश्चिमेचा छज्जा

गेल्या वर्षी मार्च महिन्यात कोथरूडमधील आमच्या सदनिकेच्या स्वयंपाकघराचे काम काढायचे ठरले, म्हणून मी आणि सौ. एका आर्किटेक्टबाईंकडे गेलो होतो. कामाचा नमुना म्हणून त्यांनी एका जुन्या बंगल्याच्या नूतनीकरणाचे रेंडर, म्हणजे संगणकावर तयार केलेले हुबेहूब चित्र, पडद्यावर दाखवले. मी लाकडाचा रंग पाहत होतो, तेवढ्यात सौ. म्हणाली, "अहो, ही आपली तिरपी भिंत!" रस्ता वळणाचा असल्याने आमच्या जुन्या घरातील जेवणघराचा एक कोपरा काटकोनात नव्हता आणि त्या कोपऱ्यात कपाट कधीच भिंतीला टेकून उभे राहिले नाही. शेजारी जिन्याची सर्वांत खालची, इतरांहून हातभर रुंद असलेली पायरीही दिसत होती. एकतीस वर्षे राहून विकलेले ते एरंडवण्यातील घर आमचेच होते.

घर ओळखले, तरी मला चित्रात काहीतरी खटकत होते. टेबलावर चहाचे कप आणि वर्तमानपत्र होते आणि खिडकीतून कोवळे ऊन फरशीवर पसरले होते. पण ती खिडकी पश्चिमेची. तिच्यातून सकाळी ऊन आलेले आम्ही कधी पाहिलेच नव्हते. शिवाय खिडकीवरचा दोन फुटी छज्जा गायब होता आणि त्या जागी जमिनीपर्यंत नुसती काच होती.

मी हे भीतभीतच बोललो. आर्किटेक्टबाईंनी मात्र वाद न घालता त्या घराची फाइल उघडली. जागेच्या नकाशावर उत्तर दिशेचा बाण तिरपा, कागदाच्या खालच्या बाजूकडे होता, परंतु रेंडर करताना संगणकातील प्रतिकृतीला ती दिशा दिलीच गेली नव्हती. कागदाची वरची बाजू हीच उत्तर धरली गेली होती. त्यामुळे सूर्य भलत्याच बाजूने उगवला आणि पश्चिमेची काच सकाळच्या प्रसन्न उजेडाची ठरली. अशा चुकीची खूण सोपी आहे, असे त्यांनी सांगितले: चित्रात कोणती वेळ धरली आहे ते विचारावे आणि त्या वेळी सावली खरोखर कोणत्या बाजूला पडते, ते जागेवर उभे राहून पाहावे.

घर आता आमचे नव्हते, म्हणून बदल सुचवण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. तरीही "एवढा छज्जा तोडू नका," ही विनंती त्यांनी नव्या मालकांपर्यंत पोहोचवली. रीतसर बोलावणे आल्यावर आम्ही जागेवर गेलो. जुलैत वाऱ्यासरशी पाऊस त्याच बाजूने झोडपतो आणि छज्जा असूनही आम्ही खिडकीखाली पोते टाकत असू, हे सौ.ने मालकीणबाईंना दाखवून सांगितले.

उन्हाबाबत मात्र माझी समजूत अर्धवट निघाली. छज्ज्यामुळे दुपारचे ऊन अडते, असे मी ठासून म्हणत होतो. आर्किटेक्टबाईंनी कागदावर आकृती काढली. एप्रिलच्या मध्यात पुण्यात दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य जवळजवळ थेट पश्चिमेला, साधारण ४५ अंश उंचीवर असतो. तेव्हा दोन फुटी छज्जा खिडकीवर दोन फूटच सावली टाकतो. तासाभराने सूर्य ३१-३२ अंशांपर्यंत उतरतो आणि सावली सव्वा फुटावर येते. जमिनीपर्यंतच्या सात फुटी काचेला हे अगदीच अपुरे होते. आम्ही तेथे चिकाचे पडदे का लावत होतो, याचे उत्तर मला इतक्या वर्षांनी मिळाले.

शेवटी मालकांनी छज्जा ठेवला, खिडकीचा खालचा कठडा जुन्याच उंचीवर राहू दिला आणि उतरत्या उन्हासाठी बाहेरून चिकाचे पडदे घेतले. एकदा तोडलेला छज्जा पुन्हा करायचा म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईत, लिंटेलमध्ये, छिद्रे पाडून, सळया रसायनाने घट्ट बसवून तो नव्याने ओतावा लागतो, हे ऐकल्यावर त्यांचा निर्णय लवकर झाला असावा. दुरुस्त केलेल्या दुसऱ्या रेंडरमध्ये दिशा बरोबर होती, टेबलावर सकाळची साधी सावली होती आणि खरे सांगायचे तर ते चित्र पहिल्याइतके देखणे नव्हते.

मिस्त्रींनी हातोडीने ठोकून छज्जा तपासला. कडेला दोन ठिकाणी आवाज पोकळ आला. तेथील सैल काँक्रीट काढून, सळईचा गंज घासून त्यांनी दुरुस्ती केली. खालच्या कडेजवळची पाणी ठिबकण्याची खाच रंगाच्या थरांनी पूर्ण बुजली होती, त्यामुळे पाणी कडेवरून न पडता पोटाला चिकटून भिंतीकडे परतत असे. आमच्या भिंतीवरचा जो ओलावा मी कायम गच्चीच्या माथी मारत आलो, त्याचे मूळ या खाचेत होते.

काम सुरू असताना मालकीणबाईंचा दूरध्वनी आला. छज्ज्याच्या पोटात एक लोखंडी आकडा आहे, काकूंची आठवण म्हणून तो ठेवायचा का, असे त्या विचारत होत्या. तेथे सौ. चिमण्यांसाठी पाण्याचे मडके टांगत असे. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "छे, कापून टाका आणि भोक नीट भरून घ्या. गंज तिथूनच आत शिरतो."