हँड वॉर्मर अपडेट: पाऊच परत परत गोठत असेल तर रीसेट अर्धवट झालाय

या हँड वॉर्मरच्या पाऊचमध्ये द्रव आणि धातूची एक छोटी चकती असते, ती वाकवून क्लिक केली की द्रव गोठतो आणि पाऊच गरम होतो. मागच्या वेळी ठरवलं होतं तसं या वेळी पाऊचवर टेपने थर्मामीटरचा प्रोब लावून क्लिक केलं. चकतीपासून पांढरे सुयांसारखे क्रिस्टल पसरत गेले, काही सेकंदात अख्खा पाऊच पांढरा झाला आणि आकडा २० वरून थेट पन्नाशीच्या वर गेला आणि तिथेच बराच वेळ टिकला. हे टिकणंच खरी गंमत आहे.

आत आहे सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट, म्हणजे क्रिस्टलमध्ये पाणी धरून ठेवणारं एक मीठ, जे ५८ अंशांना वितळतं. पण पूर्ण वितळवून शांतपणे थंड केलं तर ते ५८ च्या खाली येऊनही द्रवच राहतं, कारण क्रिस्टल सुरू व्हायला आत एखादा बारीक कण लागतो आणि तो नसतो. म्हणजे वितळवताना घातलेली उष्णता आतच अडकून पडते. चकती वाकवली की तिच्या बारीक भेगांतले कण मोकळे होतात, त्यांच्यावर बाकीचं मीठ पाण्यासकट रचत जातं आणि ती उष्णता बाहेर पडते.

हिशोब करून बघा. १०० ग्रॅम गोठलं की साधारण २६ किलोज्यूल निघतात. त्यातले १० च्या आसपास पाऊचला २० वरून ५८ पर्यंत न्यायलाच जातात. तिथे पोचल्यावर उरलेला द्रव लगेच गोठू शकत नाही, बाहेर जेवढी उष्णता जाईल तेवढाच गोठतो, म्हणून तापमान टिकतं. पाऊचमध्ये पाणी थोडं जास्त असतं त्यामुळे आकडा ५८ च्या जरा खालीच थांबतो, त्यात बिघाड काही नाही.

आता रीसेट, म्हणजे गोठलेला पाऊच परत पूर्ण वितळवणं. ५८ ला वितळतं म्हणून ६० च्या पाण्यात ठेवून चालत नाही, कारण वितळताना थोडं बिनपाण्याचं मीठ वेगळं पडतं आणि ते विरघळायला बरंच जास्त तापमान लागतं. म्हणून उकळत्या पाण्यातच ठेवायचं, भांड्याच्या तळाशी कापड घालून, म्हणजे प्लास्टिक तळाला चिकटणार नाही. मायक्रोवेव्ह अजिबात नको, आत धातू आहे. पाऊच स्वच्छ दिसला तरी मी अजून थोडा वेळ ठेवतो आणि कडेची शिवण आणि चकतीची मागची बाजू उजेडात धरून बघतो, कण लपतात ते तिथेच. एक जरी राहिला तरी थंड होताना पाऊच आपोआप गोठतो आणि सगळी उष्णता फुकट जाते. तसं झालं तर परत उकळायचं, बाकी काही बिघडत नाही.

उकळूनही तळाशी पांढरी पूड राहतच असेल तर मात्र शिवणीतून पाणी गेलं असण्याची शक्यता जास्त. म्हणून आता दर रीसेटनंतर पाऊच कोरडा पुसून वजन करून ठेवतोय, आकडा उतरत गेला की तो पाऊच बाद.